रद्द विमानाचे पैसे कुणाच्या मोबाईलवर जातात?

नामपूरच्या माणसाला विमान गाठायचं तर सटाणा, देवळा, भावडबारी, चांदवड आणि पिंपळगाव असं करत ओझरला यावं लागतं. रस्ता सुमारे नव्वद किलोमीटरचा. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगेत सापडलं की वेळेचा सगळा हिशेब कोलमडतो. तरीही मोसम खोऱ्यातून विमानानं जाणारे वाढले आहेत. कुणाचा मुलगा हैदराबादला संगणकाच्या नोकरीत असतो, कुणाची मुलगी बंगळूरला दिलेली असते, कुणी दिल्लीच्या आझादपूर मंडईत डाळिंबाचा हिशेब करायला जातं, तर सुट्टीवरचा जवान रेल्वेतले दोन दिवस वाचवायला विमान धरतो.

यांतले बरेच जण तिकीट स्वतः काढत नाहीत. जिथं मोबाईलचा रिचार्ज होतो, पीकविम्याचा अर्ज भरला जातो आणि आधारची झेरॉक्स निघते, त्याच दुकानात विमानाचं तिकीटही निघतं. दुकानदार ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. गिऱ्हाईक नाव, तारीख आणि वेळ बघतं, पैसे देतं आणि निघतं. तिकिटात प्रवाशाचा म्हणून जो मोबाईल नंबर आणि जो ईमेल टाकला आहे, तो अनेकदा दुकानदाराचा असतो, आणि हे कुणी बघतच नाही. विमान वेळेवर उडालं तर बिघडत काहीच नाही. ते रद्द झालं की मात्र रद्द झाल्याचा मेसेज दुकानदाराच्या फोनवर येतो, परतावा दुकानदाराच्या पोर्टलच्या खात्यात जमा होतो आणि भरपाईची लिंकही त्याच्याच ईमेलवर जाऊन पडते. प्रवासी तोवर विमानतळावरच्या फळ्याकडं बघत उभा असतो.

हे साधं दुर्लक्ष किती महाग पडू शकतं, ते 2025 च्या डिसेंबरात देशानं पाहिलं.

त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. चौकशीत जे आकडे पुढं आले त्यांनुसार 3 ते 5 डिसेंबर या तीन दिवसांत 2,507 उड्डाणं रद्द झाली, 1,852 उशिरा सुटली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. पुण्याच्या विमानतळावर तर कर्मचाऱ्यांअभावी खोळंबलेल्या विमानांनी उभं राहायच्या जागाच अडवून धरल्या, त्यामुळं दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांचीही कोंडी झाली. केंद्र सरकारनं 6 डिसेंबरला दोन आदेश काढले. रद्द उड्डाणांचे सगळे परतावे 7 डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत द्यायचे, हा एक. दुसरा तिकिटांच्या दरांवर मर्यादेचा: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000 पर्यंत 12,000, 1,500 पर्यंत 15,000 आणि त्यापुढं 18,000. दोनच दिवसांत 610 कोटी रुपयांचे परतावे दिल्याचं सांगितलं गेलं.

या 610 कोटींच्या बातमीनं एक गैरसमज पक्का झाला. पैसे परत आले म्हणजे विषय संपला, असं लोकांना वाटलं. पण परतावा म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळणं. न दिलेल्या सेवेची किंमत कंपनीनं ठेवून घेतली नाही, एवढाच त्याचा अर्थ. भरपाई त्याहून वेगळी असते. ती तुमच्या झालेल्या खोळंब्याबद्दल कंपनीनं आपल्या खिशातून द्यायची असते. तिसरी गोष्ट म्हणजे विमानतळावरची सोय, म्हणजे खाणंपिणं आणि वेळ पडली तर हॉटेल. या तिन्हींचे नियम निराळे आहेत आणि एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप बुडत नाही. काउंटरवरच्या धांदलीत मात्र तिन्ही एकाच वाक्यात गुंडाळून सांगितली जातात: ‘सर, रिफंड होऊन जाईल.’

नियम आहे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा. 2010 च्या ऑगस्टपासून तो लागू आहे आणि मध्ये वेळोवेळी सुधारला गेला आहे. त्याची ओळख ‘CAR Section 3, Series M, Part IV’ अशी लिहितात. तक्रारीत ही ओळ जशीच्या तशी टाकावी. समोरच्याला कळतं की लिहिणाऱ्यानं नियम वाचला आहे, आणि उत्तराचा सूर बदलतो.

त्या डिसेंबरात लागू असलेल्या या नियमाचं सार असं. उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीनं किमान दोन आठवडे आधी कळवावं आणि तुम्हाला मान्य असेल त्याप्रमाणं दुसरं विमान किंवा परतावा द्यावा. दोन आठवड्यांच्या आत पण सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत कळवलं, तरी पर्याय तेच दोन, आणि निवड प्रवाशाची. या दोन्ही मुदती चुकवून ऐनवेळी रद्द केलं, तरच भरपाईचा प्रश्न येतो. म्हणून मेसेज कधी आला आणि कुणाच्या फोनवर आला, यावर सगळा खेळ ठरतो. बुकिंग करताना प्रवाशानं संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई नाही, असं नियमातच लिहिलेलं आहे. दुकानदाराचा नंबर टाकलेला असेल तर कंपनी बिनदिक्कत म्हणू शकते की आम्ही दिलेल्या नंबरावर कळवलं होतं.

रक्कम किती, हा पुढचा प्रश्न. टीव्हीवर ‘पाच ते दहा हजार भरपाई’ अशी पट्टी फिरत होती आणि अनेकांनी ती हक्काची रक्कम समजली. प्रत्यक्षात ती कमाल मर्यादा आहे. उड्डाणाचा नियोजित वेळ एक तासापर्यंत असेल तर 5,000 रुपये, एक ते दोन तास असेल तर 7,500, दोन तासांच्या वर 10,000. आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या तिकिटाचं एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार. या दोहोंत जे कमी असेल ते मिळतं.

समजा, नामपूरचं एक कुटुंब हैदराबादला मुलाकडं गेलं आहे. आई, वडील आणि आजी अशी तिघं. 5 डिसेंबरच्या दुपारचं हैदराबाद–नाशिक तिकीट गावातल्याच दुकानातून काढलेलं. दर माणशी 4,600 रुपये, त्यात मूळ भाडं 3,400 आणि बाकीचे कर, विमानतळाचं शुल्क वगैरे. दुकानदारानं आपली 200 रुपयांची मजुरी वेगळी घेतली. ही मंडळी विमानतळावर पोहोचली आणि सुटण्याच्या दोन तास आधी फळ्यावर विमान रद्द झाल्याचं दिसलं.

परतावा: तिघांचे मिळून 13,800. भरपाई: उड्डाण एक ते दोन तासांचं, म्हणून मर्यादा 7,500 ची, पण मूळ भाडं 3,400 त्याहून कमी, म्हणून माणशी 3,400, तिघांचे 10,200. एकूण 24,000 रुपये. दुकानदाराचे 200 यात येत नाहीत, ती त्याची मजुरी. मूळ भाडं 9,000 असतं तर भरपाई 7,500 वर थांबली असती. स्वस्तात तिकीट काढलेल्याला भरपाईही स्वस्तच मिळते. माझ्या मते हा या नियमाचा उघड अन्याय आहे. विमान रद्द झाल्यावर आजीला रात्र बाकावर काढावी लागते ती काही तिकिटाच्या दराप्रमाणं कमीजास्त होत नाही.

या हिशेबासाठी मूळ भाडं माहीत हवं, आणि दुकानातून आलेल्या पीडीएफमध्ये बहुधा नुसती एकूण रक्कम असते, किंवा तीही नसते. कंपनीच्या वेबसाइटवर PNR टाकला की कंपनीचं स्वतःचं तिकीट आणि जीएसटीचं बिल मिळतं, त्यात भाड्याची फोड असते. ते आधीच काढून ठेवावं.

आता सापळा. ऐनवेळी विमान रद्द झालं तर नियम असं म्हणतो की कंपनीनं प्रवाशाला मान्य असलेलं दुसरं विमान द्यावं, किंवा पूर्ण परतावा आणि वर भरपाई द्यावी. मधला ‘किंवा’ नीट बघा. वरच्या कुटुंबाला काउंटरवरून सांगितलं, ‘परवा सकाळच्या विमानात तीन सीट देतो’, आणि बाबांनी घाईनं ‘चालेल’ म्हटलं, तर 10,200 रुपयांच्या भरपाईवरचा या कलमाखालचा दावा लंगडा पडला. म्हणून आधी विचारायचं: विमान कधीचं, थेट आहे का, तोवर राहायची सोय कोण करणार? परवाचं विमान सोयीचं असेल तर घ्यावं, त्यात गैर काही नाही. पण रात्रीची रेल्वे मनमाडला सोडणार असेल आणि तिकडून तासाभरात मालेगाव गाठता येणार असेल, तर ‘पर्यायी विमान मान्य नाही, परतावा आणि भरपाई द्या’ असं लेखी कळवणं फायद्याचं. लेखी म्हणजे काउंटरवरच उभं राहून स्वतःच्या ईमेलवरून चार ओळी पाठवल्या तरी पुरतं. त्यावर वेळ आपोआप उमटते.

दुसरं विमान घेतलं आणि त्याची वाट बघत थांबावं लागलं, तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि गरजेप्रमाणं हॉटेल आणि तिथवरची ने-आणही. नुसता उशीर असेल, विमान रद्द नसेल, तेव्हा हॉटेलचा हक्क उशीर 24 तासांच्या वर गेला तर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतलं उड्डाण सहा तासांहून जास्त लांबलं तर येतो. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर पूर्ण परतावा मागायचीही मुभा आहे. नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई मात्र आपल्या नियमात नाही.

भरपाईच्या आड येणारी मोठी भिंत कारणाची. वादळ, धुकं, पूर, दंगल, राजकीय अस्थिरता, सुरक्षेचा धोका, हवाई नियंत्रण कक्षाचा आदेश, सरकारी हुकूम, संप. ही कारणं कंपनीच्या हाताबाहेरची धरली जातात आणि भरपाई माफ होते. परतावा माफ होत नाही, हे मात्र विसरायचं नाही. सरकारनं स्वतः टाळेबंदी लावून विमानं थांबवली तेव्हाही, 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं परताव्याची वाट बंद केली नव्हती; आर्थिक अडचणीतल्या कंपन्यांना 31 मार्च 2021 पर्यंत वापरता येईल अशी उधारी प्रवाशाच्या नावे ठेवायची सवलत दिली आणि ती वापरली नाही तर पैसे परत करायला सांगितलं.

म्हणून काउंटरवर ‘ऑपरेशनल रीझन’ असा शब्द ऐकू आला की तिथं थांबायचं. या शब्दाचा अर्थ काहीही होतो. डिसेंबरातल्या गोंधळाची कारणं कंपनीनं सुरुवातीला सांगितली तेव्हा त्यात तंत्रज्ञानातले किरकोळ बिघाड, हिवाळी वेळापत्रकातले बदल, खराब हवामान, वाढलेली गर्दी आणि वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम असं सगळं एका पंक्तीला बसवलं होतं. यातलं हवामान भरपाई बुडवू शकतं. सरकारी नियमही बुडवू शकतो, असं वाटेल. पण या नियमाची तारीख पाहिली की युक्तिवाद ढासळतो. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम 2024 च्या जानेवारीत जाहीर झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तास, आणि रात्रीच्या उतरण्यांची संख्या सहावरून दोन. पहिला टप्पा 1 जुलै 2025 ला आणि दुसरा 1 नोव्हेंबरला लागू झाला. जवळजवळ दोन वर्षं आधी माहीत असलेली गोष्ट अकल्पित कशी म्हणायची? डीजीसीएच्या चौकशीनंही तेच धरलं: कामकाज नको इतकं ताणलं होतं, नव्या नियमांची तयारी पुरेशी नव्हती, सॉफ्टवेअरचा आधार कमकुवत होता, व्यवस्थापनात त्रुटी होत्या. 2026 च्या जानेवारीत कंपनीला 22.20 कोटी रुपयांचा दंड झाला. हा दंड सरकारी तिजोरीत जातो, त्यातला एक रुपयाही प्रवाशाला मिळत नाही. पण त्याचा निष्कर्ष प्रवाशाच्या तक्रारीत कामाला येतो, कारण गोंधळाचं मूळ कंपनीच्या कारभारात होतं हे खुद्द नियामकानंच म्हटलं आहे.

दिल्ली उच्च न्यायालयानंही 10 डिसेंबरला सुनावणीत डीजीसीएच्या परिपत्रकाप्रमाणं भरपाई द्यायला सुरुवात करा असं बजावलं. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं 3, 4 आणि 5 डिसेंबरला फार हाल झालेल्या प्रवाशांना 10,000 रुपयांची प्रवास व्हाउचरं जाहीर केली, बारा महिने चालणारी. सुटण्याच्या 24 तासांच्या आत रद्द झालेल्या विमानांसाठी सरकारी नियमाची भरपाई त्याशिवाय वेगळी देऊ, असंही तिनं म्हटलं. व्हाउचर हे पैसे नव्हेत. त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटात ते वळतं होतं. वर्षातून एकदा हैदराबादला जाणाऱ्या आजीला त्याचा उपयोग किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. व्हाउचर घेतलं म्हणून रोख भरपाई सोडली, असं कुठं टिक करून घेतलं जात नाही ना, एवढं बघावं.

विमान ठरल्या वेळी उडालं पण तुम्हाला घेतलंच नाही, ही दुसरी तऱ्हा. काही प्रवासी येत नाहीत, म्हणून कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले की कुणाला तरी खाली ठेवावं लागतं. 1972 मध्ये अमेरिकेत ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांनाच अलेगनी एअरलाइन्सनं असं खाली ठेवलं. ते भांडत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1976 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पुढं तिथं जास्त तिकिटं विकण्याचे आणि खाली ठेवल्याच्या मोबदल्याचे नियम अधिक कडक झाले.

आपल्याकडं या बाबतीत नियम रद्द उड्डाणापेक्षा कडक आहे, आणि ते रास्त आहे, कारण इथं कंपनीनं जाणूनबुजून जागा विकलेली असते. आधी तिनं स्वखुशीनं थांबणारे प्रवासी शोधायचे, त्यांना काही देऊ करायचं. तरीही तुम्हाला तुमच्या मर्जीविरुद्ध थांबवलं आणि मूळ वेळेपासून तासाभरात दुसरं विमान दिलं, तर काही मिळत नाही. 24 तासांच्या आत दिलं तर मूळ भाडं अधिक इंधन आकाराच्या दुप्पट, 10,000 पर्यंत. 24 तासांनंतरचं दिलं तर चौपट, 20,000 पर्यंत. दुसरं विमान नकोच म्हटलं तर पूर्ण परतावा आणि वर चौपट, तेही 20,000 पर्यंत. वरच्याच तिकिटावर मांडायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान दिल्यास माणशी 6,800 रुपये. विमान नाकारल्यास 4,600 परत आणि 13,600 भरपाई. इथं दुसरं विमान घेतलं तरी भरपाई जात नाही. रद्द उड्डाणातल्या त्या ‘किंवा’शी याची गल्लत करू नये.

हा हक्क बुडतो तो एका शब्दानं: नो-शो. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो आणि गेट 20-25 मिनिटं आधी. त्यानंतर पोहोचलेल्याला घेतलं नाही तर ती नाकारणी धरत नाहीत. नामपूरच्या माणसाची अडचण इथंच आहे. चांदवडच्या टोलजवळ अडकलेला अर्धा तास कंपनीच्या हिशेबात नसतो. पण तुम्ही वेळेत रांगेत होता, रांगच पुढं सरकली नाही आणि नंतर नोंद झाली ‘प्रवासी आला नाही’ अशी, तर ती खोडून काढायला पुरावा लागतो. रांगेत उभं असताना मागच्या घड्याळासकट किंवा काउंटरवरच्या उड्डाण क्रमांकाच्या पाटीसकट काढलेला फोटो, वेब चेक-इनचा बोर्डिंग पास, ओझरच्या आधीच्या टोलनाक्याचा फास्टॅगचा मेसेज, हे सगळं चालतं. 2022 च्या जूनमध्ये डीजीसीएनं तपासण्या करून एअर इंडियाला दहा लाखांचा दंड केला होता, तोही तिकीट असलेल्यांना नाकारून भरपाई न दिल्याबद्दल.

आणि खरंच विमान चुकलं, दोष आपलाच, तरी तिकिटातले विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत मागता येतात, भाडं परत न मिळणारं असलं तरी. कुणी मागत नाही, म्हणून बहुधा कुणाला मिळत नाही.

दावा कसा करायचा? पहिलं पत्र कंपनीला, तिच्या वेबसाइटवर किंवा ईमेलनं, आपल्या स्वतःच्या पत्त्यावरून. दुकानदाराच्या ईमेलवरून नव्हे. पत्रात रडगाणं नको. आपल्या कुटुंबाचं पत्र असं असू शकतं: ‘अमुक PNR, 5 डिसेंबर 2025, हैदराबाद–नाशिक, प्रवासी तीन. उड्डाण रद्द झाल्याचं सुटण्याच्या दोन तास आधी विमानतळावर कळलं. त्याआधी आम्हाला कोणतीही सूचना नाही. पर्यायी उड्डाण आम्ही स्वीकारलेलं नाही. CAR Section 3, Series M, Part IV प्रमाणं पूर्ण परतावा 13,800 आणि भरपाई 10,200 रुपये पुढील खात्यात द्यावेत. भरपाई नाकारत असाल तर रद्द करण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं.’ शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. हवामान असं लेखी उत्तर आलं आणि त्याच वेळी त्याच विमानतळावरून दुसऱ्या कंपन्यांची विमानं उडत होती, तर ती यादी हाच तुमचा पुरावा. उड्डाणांच्या नोंदी दाखवणारी संकेतस्थळं आहेत. त्याच दिवशी त्यांचे स्क्रीनशॉट घेतलेले बरे.

परतावा एजंटाकडं अडकला असेल तर कंपनी म्हणते पोर्टलला विचारा, पोर्टल म्हणतं कंपनीकडून आले नाहीत, आणि दुकानदार म्हणतो, ‘दादा, माझ्याकडं आले की लगेच देतो.’ परताव्याचा वेगळा नियम आहे, त्याच मालिकेतला Part II. त्यात स्पष्ट लिहिलंय की एजंट हा कंपनीनं नेमलेला प्रतिनिधी, म्हणून परताव्याची जबाबदारी कंपनीची. क्रेडिट कार्डानं थेट काढलेल्या तिकिटाचे पैसे सात दिवसांत यायला हवेत. एजंटामार्फतच्या तिकिटासाठी त्या वेळच्या नियमात कामकाजाच्या 30 दिवसांची मुदत होती. उधारी म्हणून पैसे कंपनीतच ठेवायचे की नाही, हे ठरवायचा हक्क प्रवाशाचा, कंपनीचा नव्हे. दुकानदाराकडं एवढंच मागावं: पोर्टलवरचा परताव्याच्या नोंदीचा फोटो. पैसे त्याच्या वॉलेटमध्ये कोणत्या तारखेला आले, ते तिथं दिसतं. गावात संबंध असतात, उद्या त्याच्याकडंच पीकविमा भरायचा असतो, म्हणून लोक विचारायला संकोचतात. फोटो मागणं हे भांडण नव्हे.

कंपनीच्या पहिल्या उत्तरानं समाधान झालं नाही तर तिच्याच नोडल अधिकाऱ्याकडं आणि पुढं अपील अधिकाऱ्याकडं जायचं. त्यांची नावं आणि संपर्क कंपनीनं वेबसाइटवर द्यायचे असतात. बरोबरीनं airsewa.gov.in वर तक्रार टाकावी. एअरसेवा हे न्यायालय नाही. तिथली तक्रार कंपनीकडंच जाते, पण नोंद सरकारी राहते आणि उत्तर द्यावं लागतं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

एवढं करूनही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग. इथं नामपूरच्या माणसासाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मोठी सोय केली. पूर्वी कंपनी म्हणायची, आमचं कार्यालय दिल्लीला, तिकिटावर छापलंय की वाद दिल्लीच्या न्यायालयातच चालतील. 2007 च्या डिसेंबरात दिल्लीच्या धुक्यात हैदराबादचा एक प्रवासी विमानात तासन्‌तास अडकला होता. तो हैदराबादच्या कायम लोक अदालतीत गेला तेव्हाही कंपनीनं हाच मुद्दा काढला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. लोक अदालतीला ही अट लागू होत नाही असं सांगितलं. त्या प्रवाशाची 10,000 रुपयांची भरपाई मात्र रद्द केली, कारण धुकं कंपनीच्या हातातलं नव्हतं. 2019 च्या कायद्यात आता थेट लिहिलंय की तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे विमान हैदराबादचं, कंपनी दिल्ली–गुडगावची, तरी खटला नाशिकला.

व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. आयोगाचा खरा फायदा वेगळाच आहे. डीजीसीएचा नियम मूळ भाड्याशी बांधलेला, पण आयोगापुढं सेवेतल्या त्रुटीबद्दल प्रत्यक्ष झालेला खर्च आणि मनस्तापाची भरपाईही मागता येते. त्या कुटुंबानं हैदराबादहून गाडी करून 18,000 रुपये मोजले असतील, तर ते डीजीसीएच्या कोष्टकात कुठंच बसत नाहीत. आयोगापुढं बसू शकतात, बिल असेल तर. गाडीवाल्यानं चिठ्ठीवर आकडा लिहून दिला तर तो पुरावा कच्चा. यूपीआयनं दिलेले पैसे पक्के. निकालाला वेळ लागतो, कायद्यातल्या तीन महिन्यांवर विसंबू नये. माणशी 3,400 रुपयांसाठी तारखांना नाशिकला जायचं का, हा प्रश्न रास्त आहे. दूरस्थ सुनावणी मिळाली तर उत्तर सोपं होतं.

युरोपात मुलं असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युरोपीय संघाच्या 2004 च्या नियमात भरपाई भाड्याशी बांधलेली नाही, अंतराशी आहे: 250, 400 किंवा 600 युरो. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं कोणत्याही कंपनीचं विमान त्यात येतं. म्हणजे फ्रँकफर्ट–मुंबई हे भारतीय कंपनीचं विमान ऐनवेळी, असाधारण कारण नसताना रद्द झालं तर 600 युरोंचा दावा उभा राहतो. उलट दिशेला, मुंबई–फ्रँकफर्टला, कंपनी युरोपीय संघातली असेल तरच. नातवाला भेटून परतणाऱ्या आजीआजोबांचं परतीचं तिकीट स्वस्त होतं की महाग, याच्याशी त्या 600 युरोंचा संबंध नाही.

एका जागी मात्र हे सगळे कागद थिटे पडतात. कंपनीच बुडाली तर. उडान योजनेत जेट एअरवेजनं 2018 च्या जूनमध्ये नाशिक–दिल्ली सेवा सुरू केली. 17 एप्रिल 2019 ला कंपनीच बंद पडली. दिवाळखोरीत प्रवासी हा बँका, कामगार आणि सरकार यांच्या मागं रांगेत उभा राहणारा धनको होतो आणि हाती फारसं येत नाही. तिथं उपयोगी पडलं तर कार्ड: क्रेडिट कार्डानं तिकीट काढलं असेल तर सेवा न मिळाल्याचं सांगून बँकेकडं व्यवहारावर हरकत घेता येते, आणि ती ठराविक दिवसांतच घ्यावी लागते. दुकानदाराला रोख दिलेल्या नोटांवर अशी हरकत घेता येत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये अडकलेल्यांची वेळ अजून गेलेली नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. 5 डिसेंबरच्या रद्द विमानासाठी ती 2027 च्या 5 डिसेंबरपर्यंत चालते. दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो जुना पीडीएफ अजून असेल, आणि PNR त्याच्या पहिल्याच ओळीत असतो.